दाखल्यांचा गठ्ठा

घरपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला हवा असेल, तर महापालिकेच्या संकेतस्थळावर तो कुठे शोधाल? करसंकलन खात्यात, की जन्म-मृत्यूच्या दाखल्यांशेजारी? पालिकेतला कर्मचारी खात्याकडेच जाईल. नागरिकाच्या मनातली मांडणी कशी आहे, हे पाहायला ‘कार्ड सॉर्टिंग’ नावाची चाचणी घेतात.

संकेतस्थळावरचे 30 ते 60 विषय निवडायचे आणि एका कार्डावर एकच लिहायचा: नळजोडणी, विवाह नोंदणी, घरपट्टी भरणा. कार्डं पिसून नागरिकापुढे ठेवायची आणि सांगायचं, ‘तुम्हाला जी एकत्र असावीत असं वाटतं ती एकत्र ठेवा, मग प्रत्येक गठ्ठ्याला नाव द्या.’ पुढे एकही सूचना द्यायची नाही. हा खुला प्रकार. गठ्ठ्यांची नावं आपणच आधी ठरवून दिली, तर तो बंद प्रकार.

किती माणसं लागतात? टॉम टलिस आणि लॅरी वुड यांनी 46 कार्डं 168 जणांकडून लावून घेतली होती. तीच आकडेवारी धरून जेकब नील्सन यांनी 2004 मध्ये 15 माणसांची शिफारस केली. तेवढ्यांची मांडणी सगळ्यांच्या मांडणीशी बरीच जुळते.

त्यानंतर दोन-दोन कार्डांच्या जोड्या मोजायच्या. समजा, 15 पैकी 13 जणांनी जन्म दाखला आणि थकबाकी नसल्याचा दाखला एकाच गठ्ठ्यात ठेवले. आकडा भक्कम दिसतो, पण इथेच फसगत होते. दोन्ही कार्डांवर ‘दाखला’ हा शब्द आहे आणि घाईत माणूस अर्थाऐवजी शब्द जुळवतो. अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखलाही त्याच गठ्ठ्यात आला असेल, तर संशय पक्का समजावा. अशा वेळी कार्डावर ‘घरपट्टी पूर्ण भरल्याचा पुरावा’ असं लिहून नव्या माणसांना द्यावं. ते घरपट्टी भरण्याशेजारी गेलं, तर आधीचा गठ्ठा शब्दाने बांधलेला होता. पुन्हा जन्म दाखल्याजवळच आलं, तर लोकांना ‘मिळवायची कागदपत्रं’ असा विभाग खरोखर हवा आहे.

म्हणून कार्डं लावताना माणूस काय बोलतो, हे टिपून घेणं मला मोजणीइतकंच महत्त्वाचं वाटतं. ‘हे कुठे ठेवू कळत नाही, इथेच राहू दे’ असं म्हणत ठेवलेलं कार्ड आणि न अडखळता ठेवलेलं कार्ड तक्त्यात सारखंच दिसतं. ‘इतर’ नावाचा गठ्ठा फुगला, तर त्यातल्या कार्डांचे शब्दच बहुधा लोकांना कळलेले नसतात.

या चाचणीला एक मर्यादा आहे. सगळी कार्डं समोर पसरून गठ्ठे लावणं वेगळं आणि निकड असताना एक गोष्ट शोधणं वेगळं. तयार झालेल्या विभागांची नुसती नावं दाखवून ‘घर विकायचं आहे, थकबाकी नसल्याचा कागद शोधा’ असं काम वेगळ्या नागरिकांना द्यावं लागतं. त्यांचं बोट पहिल्यांदा कुठे जातं ते पाहिल्याशिवाय मांडणी पक्की करू नये.