पहाटे चारचा अलर्ट

पुण्यातल्या अनेक आयटी कंपन्यांतून परदेशी ग्राहकांच्या संगणकांवर रात्रंदिवस पहारा ठेवला जातो. या विभागाला ‘सॉक’ म्हणतात. स्क्रीनवर पडणारा प्रत्येक अलर्ट खरा हल्ला आहे की फुकाची हाकाटी, हे तिथला अ‍ॅनालिस्ट ठरवतो. नाइट शिफ्टमध्ये पहाटे तीन ते पाच हा सगळ्यांत कसोटीचा काळ. तेव्हा शरीराचे तापमान उतरलेले असते, झोप अनावर होते आणि हात सवयीने चालू लागतात.

समजा, बॅकअप सर्व्हरमध्ये जुना पासवर्ड राहून गेला आहे. रोज रात्री तो लॉगिन करू पाहतो, अडतो आणि तीस-चाळीस अलर्ट पडतात. नवा माणूस आठवडाभर प्रत्येक अलर्ट उघडून पाहतो. महिन्याभरात तो न उघडताच ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणून बंद करू लागतो. मग एका पहाटे त्याच खात्याचा तसाच अलर्ट येतो, पण या वेळी आयपी पत्ता परका असतो. तोही त्याच ओघात बंद होतो.

हा आळस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची तीन लक्षणे मांडली: गळून जाणे, कामापासून मन तुटणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. ज्या कामातून रोज काहीच निष्पन्न होत नाही, ते माणसाला या तिन्हींकडे ढकलते. न उघडता बंद केलेले अलर्ट ही त्याची पहिली खूण.

म्हणून जुने अ‍ॅनालिस्ट आधी गोंगाटाचे मूळ शोधायला सांगतात. पासवर्ड बदलून घ्यायचा. तोवर अलर्ट वगळायचा तो फक्त त्या खात्यापुरता, त्या सर्व्हरपुरता आणि ठरावीक तारखेपर्यंत. सरसकट वगळला, तर परका पत्ताही दिसेनासा होतो. तीननंतर अलर्ट बंद करताना दोन ओळी लिहायच्या: लॉगिन कुठून झाले आणि कालच्यापेक्षा वेगळे काय. हॅंडओव्हरमध्ये काय तपासले आणि काय राहिले, हे स्पष्ट लिहिले की भर दुपारी झोपमोड करणारा फोन येत नाही.

झोपेचेही असेच नियोजन लागते. चहा-कॉफीचा निम्मा अंमल साधारण पाच तासांनीही उरतो, म्हणून सकाळी नऊला झोपायचे तर शेवटचा कप दोनच्या आत. ब्रेकमध्ये वीस मिनिटांची डुलकी घ्यावी; जास्त लांबली तर उठल्यावर डोके जड राहते. डोळ्यांवर झापड असेल तर दुचाकीला हात न लावता कॅबने घरी जावे. घरी खोलीत पूर्ण अंधार करावा. सुट्टीच्या दिवशीही सकाळचे निदान तीन-चार तास नेहमीच्याच वेळी झोपावे, म्हणजे शरीराचे घड्याळ फार विस्कटत नाही.

मात्र रोस्टरच उलटे फिरत असेल, म्हणजे नाइटनंतर सेकंड शिफ्ट आणि मग सकाळची, तर या सवयी तोकड्या पडतात. शरीराला सकाळ, दुपार, रात्र हा क्रम सोसतो. तो मॅनेजरकडे मागून घ्यावा. सुट्टीनंतरही झोप लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवून काही काळ दिवसपाळी घ्यावी.