टोलनाक्यावरचा घाम
पिंपळीहून सोलापूरला निघालेले माझे एक मधुमेही रुग्ण इन्सुलिन घेऊन, पण न्याहारी टाळून गाडी चालवत होते. इंदापूरजवळच्या सरडेवाडी टोलनाक्यावर फास्टॅग चालेना. आदल्या रात्री शिल्लक पाहायची राहिली होती. आता यूपीआयने सव्वापट, रोखीने दुप्पट पथकर! घाम फुटला, हात थरथरले. मनस्तापच असावा, असे त्यांना वाटले. वस्तुतः रक्तशर्करा उतरली होती. अशा रुग्णांनी नाक्यावर डावीकडची रांग धरावी, म्हणजे पुढे कडेला सुरक्षित थांबता येते. तीन लहान चमचे साखर पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटांनी रक्तशर्करा पुन्हा तपासावी, मग पोटभर खावे. शर्करा पूर्ववत झाल्यावरही ४५ मिनिटे गाडी चालवू नये. मेंदू सावरायला तेवढा वेळ लागतो.