व्हिसा नाकारला गेलेल्या मैत्रिणीला काय लिहावं?

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत खिडकीपलीकडचा संवाद जेमतेम काही मिनिटांचा असतो. व्हिसा नाकारला, तर पासपोर्टसोबत एक छापील पत्र हातात पडतं. विद्यार्थ्यांच्या बाबतीत त्यावर बहुधा कलम २१४(ब) असतं. अशा वेळी ‘जे होतं ते चांगल्यासाठीच’ असं कळवू नका. त्याऐवजी असं काही लिहा:

“अगं, ऐकून फार वाईट वाटलं. प्रवेश तू मिळवला होतास, कर्जही मंजूर झालं होतं, म्हणून हे जास्तच लागतं. एक मात्र लक्षात ठेव. या कायद्यानुसार प्रत्येक अर्जदार तिथे कायमचा राहायलाच निघालाय असं आधी धरलं जातं. ते खोडून काढायची जबाबदारी अर्जदाराची. तुझं उत्तर अधिकाऱ्याला पटलं नाही, एवढाच त्या कलमाचा अर्थ. तुझ्या हुशारीवर तो शेरा नाही. या निर्णयावर अपील नाही आणि भरलेली फीही परत मिळत नाही. पुन्हा अर्ज करता येतो, पण परिस्थिती तीच असेल तर निकालही बहुधा तोच लागतो. तोवर विद्यापीठाला प्रवेश पुढच्या सत्रावर ढकलता येईल का विचार, आणि बँकेला कर्जाचं वाटप थांबवायला सांग. हे आजच करायला हवं असं नाही. ईमेल लिहायला मी येते.”

सांत्वन करताना खोटी आशा दाखवू नका; खरी माहिती द्या आणि सोबत बसा.