दोन टक्के वटाव की पंचेचाळीस दिवसांची उधारी?

घाऊक व्यापाऱ्याच्या बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: ‘दहा दिवसांत पेमेंट केल्यास २ टक्के सी.डी., अन्यथा ४५ दिवस नेट’. सी.डी. म्हणजे कॅश डिस्काउंट, जुन्या व्यापाऱ्यांचा वटाव. बरेच दुकानदार ही ओळ वाचून सोडून देतात. दोन टक्क्यांत काय ठेवलंय, पंचेचाळीस दिवस फुकट मिळताहेत तर वापरू, असा त्यांचा विचार असतो. पण ही उधारी फुकट नाही. तिची किंमत त्याच ओळीत छापलेली असते, फक्त ती व्याजाच्या भाषेत मांडलेली नसते.

आपण ती मांडू. बार्शीतलं एक साड्यांचं दुकान समजा. सुरतेच्या व्यापाऱ्याकडून १ लाखाचा माल आला आहे. जीएसटी तूर्त बाजूला ठेवू. दहाव्या दिवशी पैसे दिले तर ९८,००० लागतात आणि पंचेचाळिसाव्या दिवशी दिले तर १ लाख. पहिले दहा दिवस दोन्हीकडे सारखेच मोकळे आहेत, त्यामुळे ते हिशेबात धरायचे नाहीत. उरतात ३५ दिवस. म्हणजे ९८,००० रुपये ३५ दिवस स्वतःकडे ठेवण्यासाठी दुकानदार २,००० रुपये मोजतो. हे झाले शेकडा दरमहा पावणेदोन रुपये, वर्षाला एकवीस टक्क्यांच्या पुढे. एरवी वर्षाला एकवीस टक्क्यांनी कर्ज घ्यायला हाच दुकानदार दहा वेळा विचार करील.

मग पुढचा प्रश्न असा की दहाव्या दिवशी द्यायचे ९८,००० कुठून आणायचे? उत्तर त्यावरच ठरतं. चालू खात्यात पैसे पडून असतील तर विचारायचंच नाही, कारण तिथे त्यांना व्याज मिळत नाही. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा असेल आणि व्याज वर्षाला १२ टक्के, म्हणजे दरमहा शेकडा एक असेल, तर ३५ दिवसांचं व्याज १,१४३ रुपये होतं. वटावाचे २,००० मिळाले, व्याजाचे १,१४३ गेले, तरी साडेआठशे रुपये हातात राहतात. पण मर्यादा संपली आहे आणि पैसे गावातल्या सावकाराकडून दरमहा शेकडा दोनने उचलायचे आहेत, अशी वेळ असेल तर व्याज २,२८७ होतं. तिथे वटावाच्या मोहात पडू नये.

वटावाच्या टक्क्यापेक्षा मधले दिवस महत्त्वाचे. तोच दोन टक्के वटाव, पण उधारी ३० दिवसांची असेल, तर मध्ये फक्त २० दिवस उरतात आणि दर महिन्याला शेकडा तीनच्या वर जातो. अशा वेळी उधारी घेणं फार महाग. उलट उधारी ९० दिवसांची असेल, तर मध्ये ८० दिवस येतात आणि दर महिन्याला पाऊण टक्क्याच्या आसपास उतरतो. बँकेपेक्षाही ते स्वस्त पडतं, तेव्हा उधारीच पूर्ण वापरावी. बँकेचं व्याज दरमहा शेकडा एक धरलं, तर दोन टक्क्यांच्या वटावाला साधारण साठ दिवसांनी तोल येतो.

बिलावरचे ४५ दिवस प्रत्यक्षात किती ताणले जातात, हेही पाहावं लागतं. पुष्कळ व्यापारी ४५ लिहितात आणि पंच्याहत्तराव्या दिवसापर्यंत फोनसुद्धा करत नाहीत. मग मधले दिवस ६५ होतात आणि कागदावर उधारी जिंकते. पण उशिरावर १८ टक्के व्याज लागेल, असंही त्याच बिलावर छापलेलं असतं. ते व्याज कुणी प्रत्यक्षात वसूल केलं नाही तरी दिवाळीच्या तोंडावर नव्या डिझाइनचा माल मोजकाच आला की तो आधी वेळेवर पैसे देणाऱ्याच्या दुकानात जातो. ही किंमत कुठल्याच वहीत उतरत नाही.

सगळ्यांत तोट्याचा प्रकार मात्र वेगळाच आणि तो सर्रास चालतो. वटावाची मुदत हुकते, मग मनाला टोचणी लागते आणि विसाव्या दिवशी दुकानदार पूर्ण १ लाख देऊन टाकतो. वटावही गेला आणि उरलेले २५ दिवसही गेले. दरमहा शेकडा एकने त्या पंचवीस दिवसांची किंमत सव्वाआठशेच्या वर होते. दहावा दिवस उलटला की मग पंचेचाळिसावाच गाठायचा, मधल्या दिवशी पैसे देण्याला काही अर्थ नाही.

मुदत हुकते ती बहुधा तारखेच्या घोळामुळे. दिवस बिलाच्या तारखेपासून मोजले जातात, माल दुकानात पोचल्यापासून नाही. सुरतेहून ट्रान्सपोर्टने गाठोडं यायला चार-सहा दिवस गेले, बिल्टी सोडवायला एखादा दिवस गेला, तर माल मोजून पाहायला तीन ते पाचच दिवस उरतात. म्हणून मुदत ‘माल मिळाल्यापासून’ धरायची की बिलापासून, आणि चेक दिला तर तारीख चेकची की तो वटल्याची, हे ऑर्डर देतानाच ठरवून घ्यावं. काही जण पंचविसाव्या दिवशी पैसे देताना स्वतःच दोन टक्के कापून घेतात. पुढच्या बिलात ते ‘मागील बाकी’ म्हणून परत येतात आणि वर संबंध बिघडतात ते वेगळंच.

आता बाजूला ठेवलेला जीएसटी. साड्यांवर ५ टक्के, म्हणजे बिल १,०५,००० चं. वटाव नंतर मिळतो, म्हणून व्यापारी बहुधा जीएसटी न धरता २,००० ची साधी क्रेडिट नोट देतो. यात दुकानदाराची ५,००० ची इनपुट वजावट कमी होत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने परिपत्रक काढून हे स्पष्ट केलं आहे. जीएसटीसकट २,१०० ची नोट मिळाली, तर वजावटीतले १०० परत करावे लागतात आणि निव्वळ फायदा पुन्हा २,०००च. कंपोझिशनवाल्याला वजावटच नसते, त्यामुळे हे शंभर रुपये त्याच्यापुरते खरे.

कॅश क्रेडिट वापरणाऱ्यांच्या ध्यानात बऱ्याचदा न येणारी एक गोष्ट राहिली. बँक उचल देते ती दुकानातल्या सगळ्या मालावर नाही. ज्याचे पैसे दिलेले आहेत, तेवढ्याच मालावर. २० लाखांचा साठा, व्यापाऱ्यांचे देणे ८ लाख, तर बँक १२ लाख धरते आणि त्यातून २५ टक्के मार्जिन वजा करून ९ लाखांची उचल मान्य करते. एका व्यापाऱ्याचे १ लाख फेडले की देणं ७ लाखांवर येतं, बँकेच्या दृष्टीने माल १३ लाखांचा होतो आणि उचल पावणेदहा लाखांपर्यंत जाते. फेडलेल्या लाखातले ७५,००० असे परत उपलब्ध होतात, मंजूर मर्यादेत जागा असली तर. अर्थात त्यासाठी दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट बँकेत वेळेवर गेलेलं असावं लागतं. ते दोन महिने रखडलं असेल, तर पैसे फेडूनही उचल वाढत नाही आणि नेमका पुढच्या बिलाचा वटाव हुकतो.