एक पाय पुढे, एक पाय मागे : कोंबड्यांमधला मॅरेक्स रोग

मॅरेक्स हा कोंबड्यांना नागीण कुळातल्या विषाणूमुळे होणारा गाठींचा रोग आहे. या कुळातले विषाणू माणसातही असतात, पण मॅरेक्सचा विषाणू माणसाला बाधत नाही. बुडापेस्टचे पशुवैद्य योझेफ मॅरेक यांनी 1907 साली चार कोंबड्यांमध्ये पाय आणि पंख लुळे पडल्याची नोंद केली आणि त्यांच्या नसा जाड झाल्याचे दाखवले. रोगाला पुढे त्यांचेच नाव मिळाले. यामागे नागीण कुळातला विषाणू आहे हे मात्र 1967-68 मध्ये इंग्लंड आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी सिद्ध केले.

हा रोग अंड्यातून पिल्लात येत नाही. विषाणू पूर्ण तयार होतो तो पिसांच्या मुळांशी, आणि तिथून त्वचेच्या कोंड्याबरोबर झडून शेडच्या धुळीत मिसळतो. ही धूळ पिल्लाच्या श्वासात गेली की लागण होते. कोरड्या धुळीत तो कित्येक महिने टिकतो. म्हणूनच बॅच विकली, शेड रिकामे झाले, पण जुने तूस आणि जाळीवरची धूळ तशीच राहिली, तर रोगही तिथेच राहतो. शरीरात शिरलेला विषाणू आधी प्रतिकारशक्तीच्या पेशी फोडतो. आठवडाभरात तो टी पेशींमध्ये दडून बसतो आणि पुढे त्याच पेशींची बेसुमार वाढ घडवून आणतो. या वाढलेल्या पेशी नसांमध्ये शिरतात, तसेच यकृत, प्लीहा, अंडाशय आणि त्वचेत गाठी करतात.

नागपूर जिल्ह्यात परसातली कोंबडी पाळणाऱ्याच्या घरी हे कसे घडते, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एखाद्याने लस न दिलेली शंभर पिल्ले आणली आणि जुन्या कोंबड्यांच्या खुराड्याशेजारीच ती वाढवायला घेतली. पहिल्या काही दिवसांतच त्यांना लागण होते, पण बाहेरून काहीच कळत नाही. दोन-तीन आठवड्यांनी ही पिल्ले स्वतःच विषाणू पसरवू लागतात आणि उरलेल्या पिल्लांनाही लागण होते. तीन महिन्यांच्या सुमारास, पिल्लांच्या तलंगा झाल्यावर, त्यातली एखादी लंगडायला लागते. दोन-चार दिवसांत ती एका कुशीवर पडते. एक पाय पुढे ताणलेला असतो, दुसरा मागे. ती शुद्धीवर असते, डोळे उघडे असतात, समोर धरलेले दाणे टिपतेही, पण उठता येत नसल्याने भांड्यापर्यंत पोहोचत नाही आणि शेवटी भुकेने, तहानेने खंगून मरते. मग दुसरी, मग तिसरी. मानमोडीसारखा एकदम सडा पडत नाही. मर रोज थोडी थोडी, आठवडेच्या आठवडे चालते. एखादीचा पंख लोंबतो, एखादीचा डोळा राखाडी पडून बाहुली वेडीवाकडी होते. लस नसलेल्या कळपात काही टक्क्यांपासून निम्म्याहून अधिक कोंबड्या अशा जाऊ शकतात.

पाय लुळा पडण्याचे कारण शवविच्छेदनात उघड्या डोळ्यांनी दिसते. मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू अलगद बाजूला केला की त्याखाली पायाची मुख्य नस, सायटिक, दिसते. निरोगी नस पांढरी आणि चकचकीत असते आणि नीट पाहिले तर तिच्यावर बारीक आडव्या रेघा दिसतात. मॅरेक्समध्ये या रेघा पुसल्या जातात, नस करडी किंवा पिवळसर होते, पाणी धरल्यासारखी सुजते आणि दोन-तीन पट जाड होते. खरी खूण मात्र दोन्ही पायांच्या तुलनेत आहे. सूज बहुधा एका बाजूला अधिक असते, म्हणून एकच मांडी उघडून निर्णय देणे चुकीचे ठरते. उजवी-डावी शेजारी ठेवून पाहिली की थोडा फरकही लपत नाही. मूत्रपिंडाखालचे नसांचे जाळे आणि पंखाच्या मुळाशी असलेले जाळेही तपासावे लागते.

तरीही जाड नस म्हणजे मॅरेक्सच, असे नाही. ब जीवनसत्त्वांपैकी ब-2 खाद्यात कमी पडले तरीही सायटिक नस सुजते आणि पिल्ले पायांवर उभी राहत नाहीत. इथे वयावरून उलगडा होतो. ब-2 ची कमतरता पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दिसते, बोटे आत वळतात, सूज दोन्ही पायांत सारखी असते आणि वेळीच जीवनसत्त्व दिले तर पिल्ले सुधारतात. मॅरेक्सचे लुळेपण इतक्या लवकर सहसा येत नाही आणि औषधाने हटत नाही. दुसरा गोंधळ ल्युकोसिसचा. त्यातही यकृतावर गाठी येतात, पण तो साधारण चार महिन्यांनंतरचा रोग आहे. त्यात नसा जाड होत नाहीत आणि गुदद्वारालगतच्या फॅब्रिशियसच्या पिशवीत गाठी सापडतात. शंका उरलीच, तर नस, यकृत आणि प्लीहेचे तुकडे दहा टक्के फॉर्मलिनमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात.

रोग झाल्यावर उपाय नसल्याने सगळी भिस्त लसीवर आहे. ही लस पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्याच्या दिवशीच, हॅचरीतच, मानेच्या मागच्या कातडीखाली टोचतात. मात्रा साधारण 0.2 मिलिलिटर असते. घाई यासाठी की संरक्षण तयार व्हायला आठवडाभर लागतो आणि शेडमधली धूळ तितके दिवस थांबत नाही. पिल्लू शेडमध्ये आल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी टोचलेली लस बहुधा लागण होऊन गेल्यावर पोहोचते. लस दिली तरी पहिल्या आठवड्यात पिल्ले मोठ्या कोंबड्यांपासून दूर, स्वच्छ केलेल्या जागेत ठेवावीच लागतात.

सर्वाधिक वापरली जाणारी लस मुळात टर्कीमधल्या निरुपद्रवी नातेवाईक विषाणूची आहे. दुसरी, रिस्पेन्स नावाची, नेदरलँड्समध्ये तयार झालेली, अधिक जहाल विषाणूंसाठी वापरतात. यातले जिवंत पेशींमधले रूप उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवावे लागते. कुपी बाहेर काढली की ती 25 ते 27 अंशांच्या पाण्यात मिनिटभरात वितळवायची, तिच्यासोबतच्या द्रावणात हलक्या हाताने मिसळायची आणि तासाभरात संपवायची. वितळलेली कुपी पुन्हा गोठवता येत नाही. मे महिन्यात नागपूरच्या टाकीतले पाणी या मर्यादेच्या कितीतरी वर असते. तिथे थर्मामीटर न लावता काम केले, तर पेशी मरतात आणि पिल्लाला टोचले जाते ते नुसते द्रावण. बाहेरून पाहता लसीकरण झालेले असते. तीन महिन्यांनी तलंगा पडू लागल्यावर दोष लसीला दिला जातो. सुकवलेल्या रूपातली टर्की विषाणूची लस साध्या फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांवर राहते, त्यामुळे छोट्या उबवणी केंद्रांना ती सोयीची पडते, पण आईकडून आलेली प्रतिपिंडे तिला लवकर निष्प्रभ करतात.

लसीची आणखी एक मर्यादा आहे. ती गाठी आणि लुळेपण रोखते, लागण मात्र रोखत नाही. लस घेतलेली कोंबडी निरोगी दिसत असतानाही धुळीतून विषाणू सोडत राहते. 2015 साली अँड्र्यू रीड आणि सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवले की अतिजहाल विषाणू लस नसलेल्या कोंबडीला तो फारसा पसरण्याआधीच मारतो, तर लस घेतलेली कोंबडी जगते आणि तोच विषाणू इतरांपर्यंत नेते. म्हणून लस घेतलेल्या मोठ्या कोंबड्यांबरोबर लस न घेतलेली पिल्ले ठेवणे सर्वांत धोक्याचे.

पिल्ले घेताना मॅरेक्सची लस कोणत्या दिवशी आणि कोणती दिली, हे हॅचरीकडून बिलावर लिहून घ्यावे. लंगडी तलंग आढळली, तर ती पुरून न टाकता पशुवैद्यकाकडे न्यावी आणि तिच्या दोन्ही मांड्यांमधल्या नसा तपासायला सांगाव्यात.