दोरी हातात, लक्ष नडगीकडे

दोरी विकत आणण्यापूर्वी घरातली मोजपट्टी काढा आणि जागा मोजा. मध्यम उंचीच्या माणसाची दोरी फिरताना पुढे-मागे मिळून सात फूट जागा खाते, रुंदीला साडेचार फूट पुरतात, आणि डोक्यावरून ती साधारण फूटभर उंचीने जाते. म्हणजे छत आड येत नाही, आड येतो तो पंखा! पंख्याच्या बरोबर खाली उभे राहू नये. दिवाणखान्यातले मधले टेबल भिंतीला सरकवले की बहुतेक घरांत एवढी जागा निघते. बोळकंडीत मात्र प्रयत्न करू नका. तिथे दोन्ही हात आखडले जातात.

दोरीची लांबी अशी पाहावी : दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवून दोन्ही मुठी वर ओढाव्यात. मुठी काखेपर्यंत आल्या की नवशिक्याला ती दोरी बेताची झाली. सुती दोरी हलकी पडते आणि हवेत रेंगाळते. प्लॅस्टिकची, थोडी वजनदार दोरी कुठे आहे हे हाताला कळते.

आता मुख्य गोष्ट. शाळेत कवायत शिकवण्यात माझी उमर गेली, आणि निवृत्तीनंतरही शेजारीपाजारी पाय दुखला की मलाच गाठतात. आमच्या मजल्यावरच्या एक वहिनी अशाच आल्या. वय अडतिसाच्या घरात, दिवसभर कचेरीत बैठे काम. म्हणाल्या, “सर, दम आता मुळीच लागत नाही हो, पण नडग्या ठणकतात. जिना उतरताना तर विचारू नका.”

चौकशी केली. नऊ दिवस, रोज, सलग पाच मिनिटे, अनवाणी, फरशीवर.

“उड्या किती होतात?” मी विचारले.

“तीनशे. मोजते ना मी!”

मी त्यांना दोरी फिरवायला सांगितली आणि हिशेबातली चूक लगेच दिसली. नवशिका माणूस दोरी सावकाश फिरवतो आणि एका फेरीत दोन उड्या मारतो : एक दोरीवरून आणि एक मधली, तोल सावरायची. दोरी तीनशे वेळा फिरली होती, पण पाय सहाशे वेळा जमिनीवर आले होते. बरे, एकेरी उडी जमली म्हणून हा बोजा कमी होत नाही. तेव्हा दोरीच दुप्पट वेगाने फिरू लागते. मिनिटाला शंभर ते सव्वाशे वेळा पाय टेकतात, दोन्ही तऱ्हांनी. तेव्हा फेऱ्या मोजू नयेत, पाय टेकणे मोजावे.

आणि दम लागत नाही याचा अर्थ पाय तयार झाले असा नव्हे. श्वास दोन-तीन आठवड्यांत सुधारतो. नडगीचे हाड आणि त्याला धरून असलेले स्नायू नव्या भाराला सरावायला त्याहून पुष्कळ वेळ घेतात. या मधल्या काळातच दुखणे उपटते, कारण माणसाला उत्साह असतो आणि छाती साथ देत असते.

हे दुखणे ओळखायचे कसे? नडगीच्या आतल्या कडेने, घोट्याच्या वरच्या भागात, चार बोटे किंवा वीतभर पट्टा दाबला की दुखतो; सुरुवातीला जाणवते, अंग गरम झाले की कमी होते, नंतर पुन्हा डोके वर काढते. वहिनींचे असेच होते. पण एकाच ठिकाणी, एका बोटाखाली मावेल अशी जागा दुखत असेल, किंवा रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल, तर उड्या बंद करून डॉक्टरांकडे जावे. हाडाला बारीक चीर पडलेली असू शकते, आणि तिथे तेल चोळून काही साधत नाही.

वहिनींनी उड्या थांबवल्या. दाबून दुखेनासे होईपर्यंत आणि जिना विनासायास उतरता येईपर्यंत थांबा, असे सांगितले होते. त्याला दहा-बारा दिवस लागले. त्या दिवसांत दोन व्यायाम दिले. ओट्याला हात टेकून टाचा सावकाश उचलणे आणि त्याहून सावकाश खाली आणणे, पंधरा वेळा. मग भिंतीला पाठ टेकून, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून, चवडे वर उचलणे, तेही पंधरा वेळा. पहिल्याने पोटरी घडते, दुसऱ्याने नडगीच्या पुढचा स्नायू.

मग उडी शिकवली, तीही आधी दोरीशिवाय. पाय जमिनीपासून बोटभरच सुटावेत. दोरीला तेवढी जागा पुरते. चवड्यावर उतरावे, गुडघे किंचित सैल, आणि टाच जमिनीला अलगद शिवली तरी चालेल. टाच हट्टाने वर धरून ठेवली की सारा भार पोटरीवर येतो. पाय मागे झटकू नयेत. हे जमल्यावर दोन्ही मुठी एकाच हातात धरून दोरी बाजूला फिरवायची आणि तिच्या तालावर उड्या मारायच्या. नंतरच दोरी पायाखालून. कोपरे कमरेशी, फिरते ते मनगट. थकवा आला की हात आपोआप बाहेर पसरतात, दोरी आखूड होते आणि बोटांत अडकते. तसे दोनदा अडकले, की त्या दिवसाचे काम संपले समजावे.

खाली पातळ, घट्ट रबरी चटई आणि पायात गादीदार तळव्याचे बूट. जाड गादीवर उडू नये, घोटा मुरगळतो; सतरंजी सरकते.

वेळेचा हिशेब असा ठरला. आठवड्यातून तीन दिवस, मधे एकेक दिवस सुट्टी. पंधरा सेकंद उड्या, पंचेचाळीस सेकंद जागच्या जागी चालणे, असे आठ वेळा. उड्यांचा वेळ एकूण दोन मिनिटे, पाय टेकले सुमारे दोनशे चाळीस वेळा. “एवढेच?” वहिनींचा चेहरा पडला. तिसऱ्या आठवड्यापासून तेच दहा वेळा केले. पाचव्यापासून वीस सेकंद उडी आणि चाळीस विश्रांती, सातव्यापासून पंचवीस आणि पस्तीस, नवव्यापासून तीस आणि तीस. म्हणजे सहाशेचा आकडा नवव्या आठवड्यात पुन्हा आला, पण या खेपेस दहा तुकड्यांत आणि दिवसाआड. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची : वेळ वाढवला त्या आठवड्यात वेग नाही, नवा प्रकार नाही.

पुढे जायचे की नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी ठरते. अंगठ्याने नडगीची आतली कड वरपासून खालपर्यंत दाबून पाहावी. काही नसेल तर पुढे. थोडे जाणवून दिवसभरात गेले तर तोच आठवडा पुन्हा. उडताना वाढत गेले, किंवा सकाळीही राहिले, तर दुखणे जाईपर्यंत थांबून एक पायरी मागे. वहिनींना सहाव्या आठवड्यात असे मागे यावे लागले; घरी लग्नकार्य होते, चार दिवस उभ्याने गेले होते आणि पाय आधीच दमलेले. त्यांचा तक्ता त्यामुळे एका आठवड्याने लांबला, इतकेच.

हृदयविकार, गरोदरपण, ठिसूळ हाडे किंवा गुडघ्याची झीज असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नये.

आणि एक खूण कानाची. उतरताना ‘धप्’ आवाज आला तर उडी उंच जाते आहे. ‘टप्’ असा हलका आला तर बेताची. वहिनींच्या घरात ही पारख त्यांची मुलगी करते, दाराआड बसून. खालच्या मजल्यावरचे आजोबाही करतात, पण ते छताला काठी ठोकून.