आधी शह, मग मारामारी

वर्तमानपत्राच्या कोड्यांच्या पानावर बुद्धिबळाचा पट असतो आणि त्याखाली एवढंच लिहिलेलं असतं: पांढऱ्याची चाल, दोन चालींत मात. म्हणजे पांढऱ्याची एक चाल, काळ्याचं उत्तर आणि पांढऱ्याच्या दुसऱ्या चालीला मात. काळ्यानं कुठलंही उत्तर दिलं तरी मात झालीच पाहिजे, ही यातली खरी अट. नवखा माणूस पटाकडे बघतो, त्याला चाळीसएक चाली दिसतात आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. सुरुवात करायची ती शह देणाऱ्या चालींपासून. त्या संपल्या की मोहरं मारणाऱ्या चाली, आणि त्याही संपल्या की मग बाकीच्या.

हा क्रम कशासाठी, ते एका खऱ्या डावात छान दिसतं. १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात अमेरिकेचा पॉल मॉर्फी ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर्ड यांच्याविरुद्ध खेळला. ते दोघं मिळून काळी मोहरी हलवत होते. मॉर्फी एकवीस वर्षांचा होता. डाव सतरा चालींत संपला आणि त्याच्या शेवटच्या दोन चाली म्हणजे दोन चालींत मातेचं अस्सल कोडं आहे. घरी पट असेल तर मांडून बघा.

पांढरा राजा सी१ वर, वजीर बी३ वर, हत्ती डी१ वर, उंट जी५ वर. पांढरी प्यादी ए२, बी२, सी२, ई४, एफ२, जी२ आणि एच२ वर. काळा राजा अजून ई८ वर, म्हणजे मूळ जागीच. काळा वजीर ई६ वर, घोडा डी७ वर, उंट एफ८ वर, हत्ती एच८ वर, आणि प्यादी ए७, ई५, एफ७, जी७, एच७ वर. चाल पांढऱ्याची.

मोजायला बसलं तर पांढऱ्याकडे इथे चाळीसहून जास्त चाली आहेत. पण शह किती? अवघे दोन. वजीर ई६ वरचा काळा वजीर मारून शह देऊ शकतो, किंवा थेट बी८ वर जाऊन आठव्या ओळीतून शह देऊ शकतो. हत्तीला शह देता येत नाही, कारण डी७ वरचा घोडा त्याच्या वाटेत उभा आहे. उंटालाही देता येत नाही. मोहरं मारणाऱ्या चालीही दोनच: वजिरानं वजीर मारणं, जी शहांत येऊन गेलीच, आणि हत्तीनं डी७ वरचा घोडा मारणं. म्हणजे आधी तपासायच्या चाली तीन. चाळीसवरून आपण तीनवर आलो, आणि अजून विचाराला सुरुवातसुद्धा केलेली नाही.

वजीर मारून शह दिला तर काळा एफ७ च्या प्याद्यानं तो वजीर परत मारतो. वर एफ७ चं घर राजासाठी मोकळं होतं. पुढच्या चालीला मात नाही. हत्तीनं घोडा मारला तर तो शह नाही, राजा स्वतःच हत्ती मारतो आणि पुढच्या चालीला मात होत नाही. उरला बी८ वरचा शह.

हा शह पहिल्यांदा बघताना वेडेपणा वाटतो, कारण तिथे वजीर सरळ घोड्याच्या तोंडात जातो. म्हणूनच अनेक जण ही चाल मनातल्या मनात बाद करतात. इथेच या शिस्तीचा उपयोग होतो: शह आहे ना, मग मोहरं फुकट जात असलं तरी तो शेवटपर्यंत वाचायचा. वाचायचं म्हणजे काळ्याच्या प्रत्येक कायदेशीर उत्तराचा माग घ्यायचा. शहातून सुटायचे मार्ग तीनच असतात: राजानं सरकणं, मध्ये मोहरं घालणं, शह देणारं मोहरं मारणं. राजाला डी८ आणि ई७ ही घरं बंद आहेत, कारण जी५ चा उंट दोन्हींवर डोळा ठेवून आहे. डी७, एफ७, एफ८ वर त्याचीच मोहरी बसली आहेत. सी८ किंवा डी८ वर मध्ये घालायला काही येत नाही, कारण काळ्या वजिराची सी८ कडची तिरपी वाट त्याच्याच घोड्यानं अडवली आहे. राहिलं एकच उत्तर: घोड्यानं वजीर मारणं. पण घोडा बी८ वर गेला की डी स्तंभ मोकळा होतो, आणि मॉर्फीचा हत्ती डी८ वर येऊन मात देतो. हत्तीला उंटाचा आधार आहे, त्यामुळे राजा त्याला मारू शकत नाही. ई७ उंटाच्या ताब्यात, डी७ हत्तीच्या ताब्यात.

शह आणि मारामारीचं मोल यातच आहे. साधी चाल केली की समोरच्याकडे तीस-चाळीस उत्तरं असतात, शह दिला की दोन-तीन उरतात, कधी एकच. डोक्यात मावेल एवढंच वाचायचं राहतं.

चूक मात्र बहुतेकदा उत्तरं मोजण्यात होते. सोडवणारा आपल्याला हवं ते उत्तर काळ्याकडून करवून घेतो आणि कोडं सुटलं म्हणतो. मध्ये मोहरं घालण्याचा मार्ग तर हमखास विसरला जातो, विशेषतः शह लांबून दिलेला असेल तेव्हा.

या क्रमाची मर्यादाही मॉर्फीच्याच नावावर असलेल्या एका छोट्या कोड्यात दिसते. ते कोवळ्या वयात त्यानं रचलं असं मानलं जातं. पांढरा राजा सी८ वर, हत्ती ए१ वर, प्यादं बी६ वर. काळा राजा ए८ वर, उंट बी८ वर, प्यादी ए७ आणि बी७ वर. दोन चालींत मात. शह एकच: हत्तीनं ए७ चं प्यादं मारणं. उंट हत्तीला मारतो, संपलं. दुसरी मारामारी प्याद्यानं ए७ चं प्यादं मारण्याची, तिथेही उंट मारतो आणि मात नाही. दोन्ही चाली वाचायला अर्धं मिनिट लागत नाही, पण त्यातून एक गोष्ट कळते: ए७ चं सगळं रक्षण बी८ वरच्या उंटावर आहे. तो हलला की हत्ती ए७ वर मात देतो.

मग उंटाला हलवायचं कसं? काळ्याला दुसरी चालच शिल्लक ठेवायची नाही. राजा कोंडलेला आहे. बी७ चं प्यादं बी६ च्या प्याद्यानं अडवलेलं आहे. ए७ चं प्यादं बी६ मारू शकत नाही, कारण ते हललं की हत्तीचा शह राजावर येतो. पण ते सरळ पुढे जाऊ शकतं, आणि काळ्याची तेवढीच सुटका आहे. म्हणून हत्ती ए६ वर जातो, ना शह देत, ना काही मारत, स्वतःच प्याद्याच्या तोंडी. आता ए७ चं प्यादं थिजलं. बी७ च्या प्याद्यानं हत्ती मारला तर पांढरं प्यादं बी७ वर येऊन मात देतं, कारण राजाच्या आधारामुळे ते मारता येत नाही. नाहीतर उंट हलवावाच लागतो. चाल करण्याच्या या सक्तीला बुद्धिबळात झुगझ्वांग म्हणतात.

रचलेल्या कोड्यांत पहिली चाल बहुधा अशीच शांत असते. पहिल्याच चालीला शह देणं किंवा मोहरं मारणं हा रचनेतला कच्चेपणा समजला जातो. तेव्हा पटावरची मांडणी खऱ्या डावातली दिसत असेल तर शहांवरच भर द्यावा. मोहरी मोजकी आणि चमत्कारिक जागी असतील, तर शह-मारामारी आधी भराभर वाचून टाकावी, ती का फसते ते लक्षात ठेवावं आणि मग काळ्याच्या उरलेल्या चाली मोजायला लागावं. मॉर्फीच्या कोड्यात हत्ती ए६ वर गेल्यावर त्या सातच भरतात: प्याद्याची एक आणि सी७ पासून एच२ पर्यंत उंटाच्या सहा.